एका शब्दाचे सव्वीस रुपये

*मी तासगावची. बचत गटाचा हिशेब मीच ठेवते. लेक सांगलीत खोली घेऊन बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची तयारी करते. तिने मैत्रिणीच्या पुस्तकातल्या गणिताचा फोटो पाठवला. त्यात एवढं वाचता येतं: "१५,६२५ रुपये द.सा.द.शे. ८ दराने १½ वर्षासाठी बँकेत ठेवले. व्याजाची आकारणी सहा..." पुढचे शब्द पानाच्या शिवणीत गेलेत, आणि मग "...तर चक्रवाढ व्याज व सरळव्याज यांतील फरक किती?" पर्याय आहेत ५०, ७६, ३०८ आणि २,१८३. तो अर्धा तुकडा सोडून मी केलं तर ५० आलं. लेकीचं ३०८ आलं. पुस्तकामागे उत्तर ७६ आहे, रीत दिलेली नाही. लेक म्हणते, आई, तुला चक्रवाढ कळत नाही. चुकलं कोणाचं? आणि बँका खरंच असं व्याज देतात का?*

*– एक वाचक, तासगाव*

ताई,

आकडेमोड तुमचीही चुकली नाही आणि लेकीचीही नाही. तुम्ही दोघींनी दोन वेगळी गणितं सोडवलीत, आणि पुस्तकात आहे ते तिसरंच. फोटोतला जो शब्द शिवणीत गेला त्याच्या जागी तुम्ही एक गणित धरलंत, लेकीने दुसरं. म्हणून "चक्रवाढ कळत नाही" हे लेकीने परत घ्यावं, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

आधी तुमचं बघू. तुम्ही व्याज वर्षातून एकदाच मुद्दलात मिळवलंत. पहिल्या वर्षाचं व्याज १,२५०, म्हणजे रास झाली १६,८७५. राहिलेल्या सहा महिन्यांना आठाच्या निम्मे, चार टक्के. १६,८७५ चे चार टक्के ६७५. एकूण व्याज १,९२५. सरळव्याजाने दीड वर्षाचे १,८७५ होतात. फरक ५०. वर्ष पुरं झालं नाही तर उरलेल्या महिन्यांना त्या वेळच्या रकमेवर साधं व्याज लावायचं, ही परीक्षेतली रूढ रीत तुम्ही न सांगता पाळलीत. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला हे सुचतं. क्लासला जाणारी पुष्कळ मुलं इथे दीडचा घात काढायला बसतात आणि वेळ घालवतात. तेव्हा ५० हे बरोबर उत्तर आहे. फक्त ते "आकारणी वार्षिक" असं लिहिलेल्या प्रश्नाचं आहे.

लेकीने तुटलेला शब्द ओळखला, सहामाही आहे हे तिला कळलं. दीड वर्षात तीन सहामाह्या हेही तिने बरोबर धरलं. पण दर आठच ठेवला. तीन वेळा आठ टक्के लावले की १५,६२५ चे १९,६८३ होतात, व्याज ४,०५८. सरळव्याजातही तिने मुदत तीन धरली, तिथे आले ३,७५०. वजाबाकी ३०८. हेसुद्धा एका प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे: "दर सहामाहीस शेकडा ८" असं छापलेलं असतं तर. पण छापलंय द.सा.द.शे. ८. दर साल, दर शेकडा. ही अक्षरं आपण शाळेपासून इतकी ऐकतो की त्यांचा अर्थच कानाआड होतो. पहिल्या दोन अक्षरांत, द.सा. मध्ये, दराची मुदत सांगितलेली आहे. आठ टक्के हे एका सालाचे. सहा महिन्यांना त्यातले चारच मिळणार. व्याज मुद्दलात कधी मिळवायचं आणि दर किती काळाचा, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लेकीने दोन्ही एकच समजल्या, गोंधळ झाला तो तिथे.

आता पुस्तकातलं गणित पासबुकासारखं लिहून बघू. मी साताऱ्याची असले तरी नोकरीची पहिली चार वर्षं सांगलीत गणपती पेठेतल्या एका शाखेत गेली. तिथले एक जुने हेडक्लार्क नव्या पोरांना सूत्र शिकवतच नसत. पासबुक उघडायचे आणि म्हणायचे, ओळी लिहा. सूत्राने उत्तर लवकर येतं हे खरं, पण चूक कुठे झाली ते सूत्र सांगत नाही. पासबुकाच्या ओळी सांगतात.

ठेव ठेवली, शिल्लक १५,६२५.

सहा महिने झाले. १५,६२५ चे चार टक्के ६२५ जमा. शिल्लक १६,२५०.

वर्ष झालं. १६,२५० चे चार टक्के ६५० जमा. शिल्लक १६,९००.

दीड वर्ष झालं. १६,९०० चे चार टक्के ६७६ जमा. शिल्लक १७,५७६.

व्याजाची बेरीज ६२५, ६५० आणि ६७६ मिळून १,९५१. सरळव्याज तेच १,८७५, कारण सरळव्याजाला आकारणी वर्षाने केली काय आणि सहा महिन्यांनी केली काय, फरक पडत नाही. दर सहामाहीला ६२५ आणि असे तीन वेळा. १,९५१ मधून १,८७५ गेले, राहिले ७६.

लेकीच्या वहीतलं A = P(1 + R/100)^N हे सूत्र इथे A = P(1 + R/200)^(2N) असं होतं. भागाकारातले दोनशे आणि घातातला दुप्पट N हे दोन्ही बदल एकत्रच करायचे असतात. लेकीने दुसरा केला, पहिला राहिला. सरळव्याजाच्या सूत्रात मात्र काहीच बदलायचं नाही. तिथे दर आठच आणि मुदत दीडच.

इथे जरा थांबते, कारण ७६ हा आकडा नुसता वजाबाकीतून आलेला नाही. तो कशाचा बनलाय ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की असल्या गणितात फसायला होत नाही. पासबुकाच्या ओळी पुन्हा बघा. पहिल्या सहामाहीत सरळ आणि चक्रवाढ यांत काडीचा फरक नाही, दोन्हीकडे ६२५. दुसऱ्या सहामाहीत चक्रवाढीने ६५० दिले, म्हणजे २५ जास्त. हे २५ कोणाचे? पहिल्या सहामाहीत मिळालेले ६२५ खात्यात पडून राहिले, त्यांचे चार टक्के. तिसऱ्या सहामाहीत ६७६ मिळाले, म्हणजे ५१ जास्त. त्यातले २५ पुन्हा त्या पहिल्या ६२५ चे. आणखी २५ दुसऱ्या सहामाहीच्या ६२५ चे. आणि उरलेला एक रुपया? तो त्या २५ रुपयांवरचे चार टक्के. व्याजावरच्या व्याजाचं व्याज म्हणा.

म्हणजे ७६ म्हणजे तीन वेळा पंचवीस आणि वर एक. पहिलं व्याज पुढे दोन सहामाह्या राबलं, दुसरं एक सहामाही राबलं, तिसरं मिळालं तेव्हा मुदतच संपली. दोन अधिक एक, तीन वेळा राबणूक. दर वेळी २५. तो वरचा एक रुपया किरकोळ आहे, तो सोडला तरी उत्तर पंच्याहत्तरच्या आसपास असणार हे कागद न घेता कळतं.

ही तपासणी मी लेकीला मुद्दाम सांगेन. परीक्षेत तिने आधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: एका सहामाहीचं व्याज किती, आणि त्या व्याजाचं एका सहामाहीचं व्याज किती? इथे ६२५ आणि २५. दोन सहामाह्यांची मुदत असेल तर फरक एकदाच २५. तीन असतील तर तीन वेळा आणि थोडं वर. चार असतील तर तीन, दोन, एक मिळून सहा वेळा, म्हणजे दीडशे आणि थोडं वर (नेमकं करून पाहिलं तर १५४ रुपये ४ पैसे). ३०८ किंवा २,१८३ हे पर्याय या कसोटीला एक क्षणही टिकत नाहीत. सबंध सरळव्याजच १,८७५ असताना निव्वळ व्याजावरचं व्याज २,१८३ कसं असेल?

त्या २,१८३ बद्दल सांगते, कारण तो चौथा पर्याय सगळ्यांत लबाड आहे. तो कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही. चक्रवाढ व्याज लेकीच्या रीतीने काढलं, ४,०५८, आणि सरळव्याज मात्र बरोबर काढलं, १,८७५. दोन्हींची वजाबाकी २,१८३. अर्धं गणित एका प्रश्नाचं, अर्धं दुसऱ्याचं. लेकीने निदान दोन्हीकडे एकच चूक केली, म्हणून तिचं उत्तर एका सरळ प्रश्नाचं उत्तर तरी ठरलं. प्रश्न काढणाऱ्याने चारही पर्याय अशा वाटा ओळखून मांडलेत. त्याच्या मेहनतीचं मला कौतुकच वाटतं, पण परीक्षेला बसलेल्या मुलांना वाटणार नाही.

आता त्या शिवणीत गेलेल्या शब्दाची किंमत. तुमचे ५० आणि पुस्तकाचे ७६, यांत अंतर २६ रुपयांचं. ते कुठून आलं? वर्षअखेरीला तुमच्या हिशेबात शिल्लक १६,८७५ होती, सहामाही हिशेबात १६,९००. म्हणजे पंचवीस रुपये वर्षाच्या आतच जास्त झाले, कारण पहिले ६२५ मधेच मुद्दलात जाऊन बसले आणि सहा महिने राबले. मग त्या पंचवीसवर शेवटच्या सहा महिन्यांचा एक रुपया. पंचवीस आणि एक, सव्वीस. "सहामाही" या एका शब्दाचे एवढे पैसे झाले.

फोटोबद्दल मात्र लेकीला दोन शब्द ऐकवते. तुटका प्रश्न आकड्यांवरून पुरा करता येईल असं हुशार मुलांना वाटतं. क्लासात शिकवतातही: मुद्दल बघ, त्यावरून दर आणि मुदत कळेल. १५,६२५ म्हणजे पंचवीसचा घन, तेव्हा तीन वेळा व्याज लागणार हा अंदाज बांधता येतो. चार टक्के वाढ म्हणजे २५ चे २६, आणि २६ चा घन १७,५७६, पैशाची भानगड नाही. इथपर्यंत ठीक. पण आठ टक्के वाढ म्हणजे २५ चे २७, आणि २७ चा घन १९,६८३, तिथेही पैसे नाहीत! तुमच्या वार्षिक रीतीनेही १७,५५० असा पुरा आकडा आला. तिन्ही वाटांनी उत्तर स्वच्छ येतं. "आकडा पुरा आला म्हणजे रीत बरोबर" या समजावर जी मुलं चालतात त्यांना या गणितात तीनदा बरोबर असल्याचा भास होईल. पर्यायांवरूनही निकाल लागत नाही. प्रश्न वार्षिक असता तर ५० बरोबर ठरलं असतं आणि ७६ हा फसवा पर्याय असता. हरवलेला शब्द शब्दातच शोधावा लागतो.

तेव्हा मैत्रिणीकडून फोटो पुन्हा मागवा. पुस्तक शिवणीजवळ दाबून, पान सपाट करून. आणि पानाचा वरचा भाग सोडू नका. बँकेच्या परीक्षांच्या पुस्तकांत कधी कधी चार-पाच प्रश्नांना मिळून एकच सूचना वर छापलेली असते, "खालील सर्व उदाहरणांत आकारणी सहामाही समजावी" अशा प्रकारची. एकाच प्रश्नाचा फोटो काढला की ती गेलीच. दुसरं, १½ मधला बारीक अपूर्णांक. साध्या कॅमेऱ्यात तो कधी १२ दिसतो, कधी ११/२. दरातसुद्धा ८ आणि ८½ यांत फोटोत फरक राहत नाही. तुमच्या फोटोत दर पुरा आठच आहे, हे पुस्तकामागच्या ७६ वरून पक्कं होतं. साडेआठ असता तर एका सहामाहीचे सव्वाचार टक्के, आणि फरक ७६ च्या बराच वर गेला असता. उत्तर हाताशी असलं की उलटं मोजून फोटो तपासता येतो. परीक्षेच्या हॉलमध्ये ही सोय नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बँका खरंच असं करतात का. एके काळी बचत खात्यात अगदी असंच व्हायचं. व्याज सहा महिन्यांनी पासबुकात चढायचं. त्यातही गंमत होती: महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळायचं. म्हणून दहा तारखेच्या आत पैसे भरायला काउंटरवर झुंबड उडायची. अकराव्या तारखेला हळदीचे पैसे घेऊन आलेला शेतकरी मला अजून आठवतो. त्याला मी सांगितलं, "काका, या महिन्याचं व्याज गेलं." माझ्याकडे तो असा बघत राहिला जणू मीच ते खाल्लं. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने ते बंद केलं, तेव्हापासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिल्लकीवर मोजतात.

पोस्टातलं राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र आणि किसान विकास पत्र यांनाही पूर्वी सहामाही चक्रवाढ होती. १ एप्रिल २०१६ पासून ती वार्षिक झाली. म्हणजे आपल्या पिढीला सहामाही हा शब्द व्यवहारातून ठाऊक होता, तुमच्या लेकीला तो बहुधा गणिताच्या पुस्तकातच भेटतो. तिची चूक मला त्यामुळे थोडी समजण्यासारखी वाटते.

आजची बँकेची मुदत ठेव बहुतेक ठिकाणी तिमाही चक्रवाढीची असते. याच १५,६२५ रुपयांवर आठ टक्के धरून तिमाही केलं तर दर तिमाहीला दोन टक्के आणि सहा वेळा. व्याज येतं १,९७१ रुपये २९ पैसे. सहामाहीपेक्षा वीस रुपये जास्त. वार्षिकवरून सहामाहीवर आलो तेव्हा सव्वीस वाढले, सहामाहीवरून तिमाहीवर वीसच. आकारणी जितकी वारंवार, तितकी वाढ आकसत जाते. "आमच्याकडे दरमहा चक्रवाढ" असं कोणी छाती काढून सांगितलं तर भुलू नका, आधी मूळ दर विचारा. आठ टक्के सहामाही चक्रवाढीने वर्षाला प्रत्यक्षात पडतात ८.१६ टक्के, तिमाहीने ८.२४. दुसरीकडे सव्वाआठ टक्के साध्या वार्षिक आकारणीने मिळत असतील तर वर्षाच्या ठेवीला ते दोन्हींच्या वर आहेत.

एक गोष्ट तुमच्या गटातल्या बायकांना सांगण्यासारखी आहे. ठेव ठेवताना फॉर्मवर व्याज कसं हवं ते विचारतात: दर तिमाहीला खात्यावर घ्यायचं की मुदतीअंती एकदम. तिमाहीला घेतलं की ती ठेव सरळव्याजाचीच झाली. मुद्दल वाढतच नाही, चक्रवाढ उरत नाही. घरखर्चाला व्याज लागत असेल तर तसं घेण्यात काही वावगं नाही. पण मग "बँकेने चक्रवाढ दिली नाही" म्हणून तक्रार घेऊन कोणी गेलं तर काउंटरवरची मुलगी फॉर्मवरची सही दाखवेल. अशी सही मी कित्येकांना दाखवली आहे आणि त्यांच्याइतकंच मलाही वाईट वाटलं आहे.

गटात तुम्ही बहुधा महिन्याला शेकडा इतके असं व्याज लावता, आणि उरलेल्या मुद्दलावर. ते सरळव्याजाच्या घरचं. तिथला दर महिन्याचा असतो, म्हणून वर्षाचा दर काढायला बाराने गुणायची तुम्हाला सवय आहे. लेकीला उलट सवय लागायला हवी, वर्षाचा दर तुकड्यात वाटायची. बारा महिन्यांत दोन सहामाह्या म्हणून भागिले दोन, चार तिमाह्या म्हणून भागिले चार. ती हे गटाच्या वहीवरून तुमच्याकडून शिकली असती तर ३०८ आलंच नसतं, असं मी आपली उगाच म्हणते. सांगलीच्या खोलीवर ती वही नसते.

परीक्षेत हाच प्रश्न उलटाही येतो: फरक ७६ रुपये दिलेला असतो आणि मुद्दल विचारतात. तिथे मुलं सूत्रात अडकतात. पंचवीसचीच वाट धरायची. मुद्दल २५ चा घन, म्हणजे १५,६२५ भाग मानले तर रास २६ चा घन, १७,५७६ भाग. चक्रवाढ व्याज १,९५१ भाग. सरळव्याज दीड वर्षाचे बारा टक्के, १,८७५ भाग. फरक ७६ भाग. दिलेला फरक ७६ रुपये असेल तर एका भागाचा एक रुपया आणि मुद्दल १५,६२५. फरक १५२ दिला असेल तर एका भागाचे दोन रुपये, मुद्दल ३१,२५०. पेन्सिल लागते ती दोन ओळींपुरती.

लेकीला एक गणित माझ्याकडून द्या आणि समोर बसून सोडवायला सांगा, फोनवर नको. ८,००० रुपये, द.सा.द.शे. १०, दीड वर्ष, आकारणी सहामाही, फरक किती? एका सहामाहीचं व्याज ४००, त्याचं सहामाहीचं व्याज २०, तीन वेळा २० आणि वर एक. तिचं उत्तर ६१ आलं तर तिने द.सा. वाचलं. २४८ आलं तर अजून सहामाहीला दहा टक्के लावतेय. आणि ४० आलं, तर तिने तुमच्यासारखं वार्षिक धरलं. मग भांडणात तुमची बाजू थोडी वर आली असं समजा.